यूपीआयवर एक शून्य जास्त पडलं तर

भाजीवाल्याला २५० द्यायचे होते, घाईत २५०० गेले. पिन टाकून झालेलं पेमेंट आपल्याला रद्द करता येत नाही, आणि बँकही समोरच्याच्या संमतीशिवाय सहसा पैसे परत काढून देत नाही, म्हणून तिथेच उभं राहून बोला.

१. हिस्टरी उघडून रक्कम, वेळ आणि १२ आकडी यूटीआर नंबर दाखवा, स्क्रीनशॉट काढा.
२. जास्तीचे २२५० तुमच्याच नंबरवर परत पाठवायला सांगा, किंवा रोख घ्या.
३. नाही म्हणाला तर त्याच व्यवहारावर ॲपमध्ये तक्रार टाका, आणि यूटीआर देऊन आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या.

एक लक्षात ठेवा, पैसे परत घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोणी मागितला तर टाकू नका.