गॉर्डन मॉडेलने शेअरचे मूल्य काढताना या चुका टाळा

ज्या कंपनीचा लाभांश दरवर्षी साधारण एकाच दराने वाढत राहील असे मानता येते, तिच्या शेअरचे मूल्य एका छोट्या सूत्रातून काढता येते. मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत पुढील वर्षीच्या लाभांशाला अपेक्षित परतावा आणि वाढीचा दर यांच्या फरकाने भागतात.

```
P = D1 / (r - g)
D1 = D0 × (1 + g)
```

येथे D0 म्हणजे नुकताच मिळालेला वर्षाचा लाभांश, r म्हणजे त्या शेअरची जोखीम पाहता आपल्याला हवा असलेला वार्षिक परतावा आणि g म्हणजे लाभांशवाढीचा कायमचा दर. सूत्र चुकीचे लिहिणारे फार थोडे असतात. बहुतेक चुका त्यात आकडे भरताना होतात. सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी आपली चौकटीची वही मला तपासायला दिली होती. तिच्यातील आकडेच येथे घेतो, कारण नेहमी आढळणाऱ्या बहुतेक चुका त्या एकाच पानावर होत्या. कंपनीचे नाव सांगण्याची गरज नाही.

पहिली अडचण लाभांशाच्या टक्केवारीची होती. आपल्याकडे लाभांश अनेकदा टक्क्यांत जाहीर होतो आणि ती टक्केवारी शेअरच्या दर्शनी किमतीवर असते, बाजारभावावर नव्हे. या कंपनीची दर्शनी किंमत 2 रुपये आहे. वर्षात 200 टक्के अंतरिम आणि 400 टक्के अंतिम, असा एकूण 600 टक्के लाभांश मिळाला, म्हणजे प्रतिशेअर 4 अधिक 8, असे 12 रुपये झाले. वहीत मात्र फक्त अंतिम लाभांशाचे 8 रुपये धरले होते, त्यामुळे D0 एक तृतीयांशाने कमी झाला होता. शिवाय पाच वर्षांपूर्वी दर्शनी किंमत 10 रुपये होती आणि लाभांश 300 टक्के, म्हणजे 30 रुपये होता. शेअरचे विभाजन लक्षात न घेतल्यास 30 रुपयांवरून 12 रुपये अशी घसरण दिसते. प्रत्यक्षात जुन्या एका शेअरचे पाच झाले, त्यामुळे आजच्या मापाने तेव्हाचा लाभांश 6 रुपये होता. बोनस शेअर मिळाले असतील तर अधिक जपावे लागते, कारण तेथे दर्शनी किंमत तीच राहते आणि टक्केवारीची थेट तुलनाही फसवी ठरते.

आता वाढीच्या दराकडे वळू, कारण सर्वांत मोठे नुकसान येथे होते. सहा रुपयांचे पाच वर्षांत बारा झाले, म्हणजे लाभांश दरसाल सुमारे 15 टक्क्यांनी वाढला. वहीत नेमका हाच दर g म्हणून आणि r साठी 13 टक्के घेतलेले होते. छेद उणे 2 टक्के झाला आणि मूल्य उणे 690 रुपये आले. उणे उत्तर आले की चूक निदान दिसते तरी. पण बरेच जण अशा वेळी g थोडासा खाली आणून 12 टक्के करतात आणि 1,344 रुपये हे उत्तर मान्य करून टाकतात. r तसाच ठेवून 11 टक्के घेतले तर 666, 10 टक्क्यांना 440, 9 टक्क्यांना 327 आणि 8 टक्क्यांना 259 रुपये येतात. g आणि r जितके जवळ, तितकी एका टक्क्याची उलथापालथ मोठी. त्यामुळे छेद दोन-तीन टक्क्यांवर आलेला दिसला की ते मूल्य कंपनीविषयी काही सांगते आहे असे मानू नये. ते केवळ आपल्या अंदाजातील अर्ध्या-एक टक्क्याची चूक फुगवून दाखवत असते.

मग g कोठून घ्यावा? लाभांश का वाढला, हे आधी पाहावे. या कंपनीची प्रतिशेअर मिळकत पाच वर्षांत 20 रुपयांवरून 30 रुपयांवर गेली, म्हणजे दरसाल सुमारे 8.4 टक्के वाढली. लाभांश मात्र मिळकतीच्या 30 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला. पंधरा टक्क्यांपैकी उरलेली वाढ नफ्यातील वाटा मोठा केल्यामुळे आली, आणि हा वाटा शंभर टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नसल्याने ती वाढ कायमची असू शकत नाही. पडताळणीसाठी दुसरी वाट घ्यावी. कंपनी भागधारकांच्या भांडवलावर 14 टक्के कमावते आणि 60 टक्के नफा व्यवसायात ठेवते. या दोहोंचा गुणाकार 8.4 टक्के येतो. दोन्ही वाटांनी एकच आकडा मिळाल्यामुळे तो विश्वासार्ह वाटतो. त्यानुसार D1 सुमारे 13 रुपये, छेद 4.6 टक्के आणि मूल्य सुमारे 283 रुपये होते. तरीही 8.4 टक्के कायम टिकतील असे मानणे मला धाडसाचे वाटते, म्हणून मी 8 टक्क्यांचे 259 रुपयेही शेजारी लिहून ठेवतो.

याच गुणाकारातून आणखी एक चूक लक्षात येते. कंपनी पुढे 60 टक्के नफा वाटू लागेल असे गृहीत धरून D0 च्या जागी 18 रुपये लिहायचे आणि g मात्र 8.4 टक्केच ठेवायचा, असे केल्यास मूल्य 424 रुपये येते. पण नफा वाटून टाकल्यावर व्यवसायात 40 टक्केच उरतो, त्यामुळे g 5.6 टक्क्यांवर येतो आणि मूल्य सुमारे 257 रुपये होते, म्हणजे आधीच्या 283 पेक्षाही कमी. भांडवलावर 14 टक्के कमावणाऱ्या कंपनीने, आपल्याला 13 टक्केच हवे असताना, अधिक पैसे वाटण्यात भागधारकाचा फायदा नसतो. लाभांश आणि वाढ हे दोन आकडे कधीही स्वतंत्रपणे बदलू नयेत.

अपेक्षित परताव्याबाबत आपल्या भागात एक सवय दिसते. बँकेतील किंवा पतसंस्थेतील ठेवीचा दर, समजा 9 टक्के, r म्हणून लिहिला जातो. शेअरमध्ये ठेवीपेक्षा जास्त अनिश्चितता असल्याने त्यावर जोखमीची भर घालायला हवी, अन्यथा 8 टक्के वाढीला मूल्य 1,296 रुपये निघते. तसेच देशाच्या विकासदराच्या बातमीतील आकडा महागाई वगळून सांगितलेला असतो, तर r मध्ये महागाई धरलेली असते. तो आकडा जसाच्या तसा g म्हणून घेतला तर मूल्य विनाकारण कमी निघते.

वेळेचाही एक मुद्दा आहे. सूत्रातून येणारे मूल्य लाभांश हाती पडल्यानंतरचे असते. अंतिम 8 रुपये जाहीर झाले आहेत पण शेअर अद्याप लाभांशासहित चालू आहे, अशा वेळी बाजारभावाशी तुलना करताना सूत्राच्या मूल्यात ते 8 रुपये मिळवावेत.

सांगली-सातारा पट्ट्यात साखर उद्योग ओळखीचा असल्याने शेअर बाजारात नोंदलेल्या साखर कंपन्यांवरही हे सूत्र लावून पाहिले जाते. पाऊस, उसाचे क्षेत्र, एफआरपी आणि साखरेचा भाव यांप्रमाणे तेथील नफा चढतो-उतरतो, काही वर्षी लाभांश मिळतच नाही. जेथे स्थिर वाढीचा मागमूस नाही तेथे या सूत्राने मूल्य काढूच नये.

उत्तराची शेवटची तपासणी उलट दिशेने करावी. त्या शेअरचा लाभांशानंतरचा भाव 440 रुपये असेल, तर त्या भावात कोणती वाढ गृहीत आहे, हे याच सूत्राची मांडणी बदलून मिळते.

```
g = (P × r - D0) / (P + D0)
  = (57.2 - 12) / 452 = 0.10
```

बाजार कायमची 10 टक्के वाढ धरून चालला आहे, असा याचा अर्थ. 60 टक्के नफा व्यवसायात ठेवून एवढी वाढ साधायची, तर भांडवलावर सुमारे 16.7 टक्के कमवावे लागतील, आणि कंपनी आज 14 टक्के कमावते. हा फरक भरून निघण्यासारखे काही घडते आहे का, ते कंपनीच्या वार्षिक अहवालातील भांडवली खर्च, वाढलेली उत्पादनक्षमता आणि नफ्याचे प्रमाण यांत शोधावे लागते. तेथे काही सापडले नाही, तर 440 रुपयांना तो शेअर मी महाग समजेन.