चुकलेल्या लेक्चरसाठी परदेशातल्या प्राध्यापकांना ईमेल: रेकॉर्डिंग मागा, पण ‘सोपा सारांश’ मागू नका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इंग्लंडला मास्टर्ससाठी गेलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. ईमेल कसा उघडायचा, ‘विषय’ रकान्यात काय लिहायचं, एवढं तुम्हाला येतंच. चूक होते ती मागणीत. ताप आला, व्हिसा उशिरा मिळाला, घर बदलावं लागलं, काही का असेना, दोन लेक्चर्स बुडतात आणि मग ईमेल जातो: रिस्पेक्टेड सर, मी आजारी होतो, कृपया लेक्चरची रेकॉर्डिंग्ज आणि सोप्या भाषेत सारांश पाठवा. उत्तर येत नाही. आलंच तर एका ओळीचं येतं, ‘सगळं मूडलवर आहे’. मुलगा खचतो, सर आपल्यावर चिडलेत असं त्याला वाटतं. ते चिडलेले नसतात. या ईमेलमध्ये उत्तर देता येईल असं काही नसतं.

आधी रेकॉर्डिंगचं बघू, कारण ते सोपं आहे. इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांत मोठ्या वर्गातली लेक्चर्स आपोआप रेकॉर्ड होतात आणि पॅनोप्टोसारख्या यंत्रणेतून मूडल किंवा कॅनव्हास या विद्यापीठाच्या अभ्यास-साइटवर येतात. पॅनोप्टो असेल तर त्याच्या साइटवर थेट जाऊ नका, मूडलमधल्या त्या मॉड्यूलच्या, म्हणजे त्या विषयाच्या, पानावरून आत शिरा. व्हिडिओ बघायची परवानगी तुम्हाला मूडलच्या नावनोंदणीवरून मिळते. उशिरा प्रवेश झालेल्यांना ‘फोल्डर रिकामं आहे’ असं दिसतं, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. शिवाय लेक्चर संपल्यावर व्हिडिओ तयार व्हायला काही तास लागतात. त्याच संध्याकाळी ‘रेकॉर्डिंग नाही’ म्हणून तक्रार करू नका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबा.

काही गोष्टी मात्र खरंच रेकॉर्ड होत नाहीत. सेमिनार, ट्युटोरियल आणि प्रयोगशाळेत इतर विद्यार्थी बोलतात, त्यांचा आवाज सहसा टेपवर घेत नाहीत, म्हणून तिथे यंत्र बहुधा बंद असतं. ते मागून मिळणार नाही. आणखी एक अडचण गणिती विषयांत हमखास येते. यंत्र स्लाइड आणि आवाज टिपतं, पण सरांनी फळ्यावर मार्करने केलेली सिद्धता त्यात येईलच असं नाही. व्हिडिओत नुसता आवाज ऐकू येतो, ‘आता ही ओळ तिकडे नेली’, आणि पडद्यावर जुनीच स्लाइड. हे व्हिडिओ बघूनच कळतं. अशा वेळी फळ्याचा फोटो शेजारी बसणाऱ्या वर्गमित्राकडे मागा, प्राध्यापकांकडे नाही. भुसावळच्या कॉलेजात बेंचवर बसणाऱ्यांकडून वही घेता, तसंच तिथेही चालतं, आणि तिथली मुलं सहज देतात. विचारायची लाज बाळगू नका.

आता खरा सापळा. ‘सिम्प्लिफाइड समरी’ हे शब्द ईमेलमधून काढून टाका. पूर्णपणे.

आपल्याकडे गाइड, ‘इम्पॉर्टंट’ प्रश्नांची यादी, सरांनी सांगितलेल्या नोट्स, यांची सवय असते. त्यामुळे सारांश मागणं आपल्याला साधं वाटतं. तिथल्या प्राध्यापकाला ते तीन कारणांनी अडचणीचं होतं. एक, पन्नास मिनिटांच्या लेक्चरचा नीट सोपा सारांश लिहायला त्यांचा तास-दीड तास जातो आणि वर्गात शंभर मुलं असतात. दोन, एकाला लिहून दिलेली गोष्ट सगळ्यांना द्यावी लागते, नाहीतर परीक्षेच्या दृष्टीने ते अन्यायाचं ठरतं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, सारांश मागणाऱ्या ईमेलवरून तुमचं नेमकं कुठे अडलंय हे त्यांना कळतच नाही. सगळंच अडलंय असं वाचलं की माणूस मदतीची सुरुवात कुठून करणार? तो ईमेल बाजूला पडतो, तो इथे.

पुन्हा सांगते, कारण वाचूनही हीच चूक होते: ‘सोप्या भाषेत’, ‘थोडक्यात’, ‘मुख्य मुद्दे’, ‘परीक्षेला काय येईल’ हे सगळे एकाच मागणीचे वेगवेगळे चेहरे आहेत. शब्द बदलून मागितलं तरी तेच. सारांश तुम्ही लिहायचा, आणि त्यातली एक ओळ बरोबर की चूक, एवढंच त्यांना विचारायचं. एक ओळ तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि दोन मिनिटं बहुतेक प्राध्यापक देतात.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. समजा संख्याशास्त्राच्या मॉड्यूलमध्ये चौथ्या आठवड्यातली मंगळवार आणि गुरुवारची लेक्चर्स तापामुळे चुकली. विषय होता परिकल्पना चाचणी, म्हणजे हायपोथेसिस टेस्टिंग. मंगळवारचा व्हिडिओ मिळाला, गुरुवारचा नाही. आधी मंगळवारचा बघा. पन्नास मिनिटांच्या व्हिडिओला थांबत-थांबत दोन तास धरा. वेग वाढवून दुप्पट गतीने बघायचा मोह होतो, पण पहिल्या वेळी तो टाळा. पॅनोप्टोत शोधायची जागा असते. तिथे शब्द टाकला की तो जिथे बोलला गेला किंवा स्लाइडवर दिसला, तिथे नेता येतं. आपोआप आलेली उपशीर्षकं तांत्रिक शब्द बिनधास्त चुकवतात, त्यांच्यावरून नोट्स काढू नका, स्लाइडशी पडताळा. मग कागदावर पाच-सहा ओळींत आपल्याला काय समजलं ते लिहा. जी ओळ लिहिताना पेन अडखळलं, ती तुमची शंका.

समजा ती ओळ अशी निघाली: ‘पी-मूल्य ०.०३ आलं म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के.’ आता ईमेल लिहा. तो इंग्रजीतच जाणार, इथे मजकूर मराठीत देते:

‘डिअर डॉक्टर अमुक, मी तुमच्या मंगळवार-गुरुवारच्या मॉड्यूलमध्ये आहे. आजारपणामुळे चौथ्या आठवड्याची दोन्ही लेक्चर्स चुकली. गैरहजेरीचा फॉर्म भरला आहे. मंगळवारचं रेकॉर्डिंग मूडलवर मिळालं आणि मी ते पाहिलं. गुरुवारचं दिसत नाही. ते अजून यायचं आहे का, की त्या दिवशी रेकॉर्डिंग झालं नाही? एका मुद्द्यावर माझी समज तपासायची आहे. पी-मूल्य ०.०३ आलं तर शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के, असं मी समजलो. पण स्लाइड १८ वरचं वाक्य याच्याशी जुळत नाही. माझं कुठे चुकतंय? ईमेलवर सांगणं अवघड असेल तर मी तुमच्या ऑफिस अवरला येतो. आभार.’ खाली पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक, कोर्सचं नाव. विषयाच्या रकान्यात मॉड्यूलचा कोड, ‘आठवडा ४’ आणि ‘रेकॉर्डिंग व एक शंका’. नुसतं ‘रिक्वेस्ट’ किंवा ‘अर्जंट’ नको.

याला उत्तर देणं किती सोपं आहे बघा. रेकॉर्डिंगबद्दल हो किंवा नाही. शंकेबद्दल दोन वाक्यं: शून्य परिकल्पना खरी आहे असं धरूनच पी-मूल्य काढतात, म्हणून ते त्या परिकल्पनेच्या खरेपणाची शक्यता सांगू शकत नाही. परिकल्पना खरी असती तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता ३ टक्के, एवढंच ते सांगतं. तुमच्या एका चुकीच्या ओळीने अख्ख्या लेक्चरचा गाभा सरांकडून काढून घेतला. सारांश मागून हे कधीच मिळालं नसतं. चुकीची ओळ पाठवायला घाबरू नका. ‘काहीच कळलं नाही’ यापेक्षा चुकीची ओळ शंभर पटीने उपयोगी, कारण ती दुरुस्त करता येते.

संबोधनाबद्दल थोडं. नुसतं ‘सर’ किंवा ‘मॅडम’ तिथे परकं वाटतं. विभागाच्या पानावर पदवी बघा, डॉक्टर की प्रोफेसर, आणि आडनाव लावा. उत्तरात त्यांनी खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं तर पुढच्या वेळी तुम्हीही ते वापरू शकता. आपल्या जिभेवर ते पटकन येणार नाही. हरकत नाही, डॉक्टर आणि आडनाव चालू ठेवलं तरी कुणी वाईट मानत नाही. आजाराचं वर्णन, रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो प्राध्यापकांना पाठवू नका. ‘आजारपणामुळे’ हा एक शब्द पुरतो. कागदपत्रं लागली तर विभागाचं कार्यालय मागतं.

आणि हे नीट लक्षात घ्या: प्राध्यापकांना ईमेल केला म्हणजे गैरहजेरी माफ झाली, असं नाही. हजेरीची नोंद वेगळीकडे होते आणि तिचा फॉर्म वेगळा असतो. स्टुडंट व्हिसावर असणाऱ्यांची हजेरी आणि अभ्यासातला सहभाग यावर लक्ष ठेवणं विद्यापीठाला प्रायोजक म्हणून बंधनकारक आहे. दीर्घकाळ संपर्कच नसलेल्या विद्यार्थ्याची माहिती त्यांना गृहखात्याला कळवावी लागते. आजारपणात दोन लेक्चर्स चुकली आणि तुम्ही फॉर्म भरला, यात घाबरण्यासारखं काही नाही. न सांगता तीन आठवडे गायब राहणं मात्र धोक्याचं आहे. असाइनमेंटची मुदत हुकणार असेल तर त्यासाठी तिसराच अर्ज असतो, आणि तो मुदत संपण्याआधी करायचा असतो. या तिन्ही गोष्टी एकाच ईमेलमध्ये कोंबल्या की एकही मार्गी लागत नाही.

एजंटने दिलेले किंवा सिनिअरने व्हॉट्सॲपवर फिरवलेले ईमेलचे साचे वापरू नका, असं माझं ठाम मत आहे. एकाच विभागात एकाच साच्याचे दहा ईमेल जातात आणि वाचणाऱ्याच्या ते पहिल्या ओळीत लक्षात येतं. सिनिअर हवा असेल तर त्याच मॉड्यूलला गेल्या वर्षी बसलेला शोधा आणि त्याला विषय विचारा, साचा नको. त्याच्याकडून गेल्या वर्षीच्या लेक्चरचे डाउनलोड केलेले व्हिडिओही घेऊ नका. ते परवानगीशिवाय वाटणं नियमाबाहेर आहे आणि स्लाइड्स बदललेल्या असल्या तर तुम्ही चुकीचं शिकता.

इंग्रजी वेगाने कळत नसेल, किंवा वाचनाची, एकाग्रतेची खरी अडचण असेल, तर ‘सोपं करून द्या’ ही मागणी चुकीची नाही, ती फक्त चुकीच्या दारावर आहे. भाषेसाठी विद्यापीठात ॲकॅडेमिक इंग्लिशचे वर्ग आणि वन-टू-वन भेटी असतात, पुष्कळ ठिकाणी मोफत. डिस्लेक्सियासारख्या गोष्टींसाठी डिसॅबिलिटी सर्व्हिस असते. तिथे नोंद झाली की स्लाइड्स आधी मिळणं, लेक्चर स्वतः रेकॉर्ड करू देणं, अशा सोयी रीतसर ठरतात. त्यासाठी प्रत्येक प्राध्यापकाकडे वेगळं हात पसरावं लागत नाही.

ईमेल तिथल्या सकाळी पोचेल असा पाठवा, सोमवार ते गुरुवार. तीन कामाचे दिवस वाट बघा. तरी उत्तर नाही आलं तर त्याच साखळीत एक ओळ लिहा, नवा ईमेल नको, आणि सोबत ऑफिस अवरला येत असल्याचा दिवस कळवा. ऑफिस अवर ही त्यांनी विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली वेळ असते, तिथे जाणं म्हणजे त्रास देणं नव्हे. जाताना ती पाच-सहा ओळींची चिठ्ठी आणि स्लाइड क्रमांक घेऊन जा. उत्तर मिळालं की त्याच दिवशी एक ओळ परत लिहा: समजलं, आता अमुक उदाहरण सोडवून पाहतोय.