यंत्रमागाचं शूटिंग करताना या चुका टाळा: फ्रेम रेट, शटर आणि सरकणारे पट्टे

सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यांचे रील आता बरेच जण बनवतात. धोटा इकडून तिकडे धावतोय, पन्हाळीसारखं सूत उतरतंय, मध्येच स्लो मोशन. दृश्य सुरेखच असतं, पण बहुतेक व्हिडिओत मागच्या भिंतीवर काळसर पट्टे सरकत असतात आणि कॅमेरा फिरवला की चित्र अडखळतं. याचं खापर कॅमेऱ्यावर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा सेटिंगमध्ये असतं.

पहिली चूक: १८० अंशांचा नियम डोळे झाकून पाळणं

शटर अँगलचं गणित सोपं आहे: कोन = ३६० × फ्रेम रेट × शटरचा वेळ. ३० फ्रेमला १८० अंश म्हणजे १/६० सेकंद. हालचाल यात नैसर्गिक दिसते, म्हणून सगळे हाच आकडा सांगतात. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. जुन्या चोकच्या ट्यूबा आणि बऱ्याच स्वस्त एलईडी त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/६० सेकंदात अशी दीडपेक्षा थोडी जास्त, म्हणजे अपुरी आवर्तनं बसतात. मग एका फ्रेमला जास्त उजेड मिळतो, पुढच्याला कमी, आणि पट्टे सरकू लागतात.

उपाय म्हणजे ३० फ्रेमच ठेवा, शटर १/५० करा. कोन २१६ अंश होतो, पण दोन आवर्तनं पूर्ण बसतात. हालचालीचा धूसरपणा किंचित वाढतो, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. १/१०० सुद्धा चालतं, फक्त हालचाल जरा तुटक दिसते.

तपासायचं असेल तर दहा सेकंद शूट करा आणि मागाकडे न पाहता मागच्या कोऱ्या भिंतीकडे पाहा. लुकलुक असेल तर तिथे आधी दिसते.

मग सरळ २५ फ्रेम का नाही? २५ फ्रेमला १/५० म्हणजे नेमके १८० अंश, दिव्यांशीही जमतं. पण रील पाहिलं जातं फोनवर, आणि अनेक फोनचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, म्हणून सावकाश पॅन केलेला शॉटही अडखळतो. ३० ची प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते. रीलसाठी मी ३० च निवडेन.

दुसरी चूक: ट्यूबच्या उजेडात १२० फ्रेमचं स्लो मोशन

ही चूक एडिटिंगला बसल्यावर कळते आणि तेव्हा फारसं काही हातात नसतं. १२० फ्रेमला शटर जास्तीत जास्त १/१२० सेकंद उघडं राहू शकतं. दिव्याचं एक आवर्तन १/१०० सेकंदाचं. म्हणजे कुठलंही शटर ठेवलं तरी आवर्तन पूर्ण पकडता येत नाही. अशा दिव्यांखाली १२० फ्रेम लुकलुकणारच.

कॅमेऱ्यात १०० फ्रेमची सोय असेल तर ती घ्या आणि शटर १/१०० ठेवा. ३६० अंश ऐकायला विचित्र वाटतं, पण प्रत्येक फ्रेमला एक अख्खं आवर्तन मिळतं. अनेक कॅमेऱ्यांत १०० हा पर्याय NTSC वरून PAL वर गेल्यावरच दिसतो. तिथे ३० फ्रेम नाहीशी होते, म्हणून साधे शॉट आधी उरका आणि स्लो मोशन एकत्र शेवटी घ्या.

याची किंमत धोट्याच्या शॉटमध्ये मोजावी लागते. धोट्याचा वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर १/१०० सेकंदात तो १० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे कडा पुसट येतात. धोटा ठसठशीत हवा असेल तर दाराजवळच्या मागावर, दिवसा, आसपासच्या ट्यूबा मालकाला विचारून बंद करून शूट करा. सूर्यप्रकाश लुकलुकत नाही. तिथे १२० फ्रेम आणि १/२४० खुशाल वापरा, धोट्याचं सरकणं चार सेंटिमीटरच्या आसपास येईल.

तिसरी चूक: एडिटिंगमध्ये वेग अंदाजाने टाकणं

१०० फ्रेमची क्लिप ३० च्या टाइमलाइनवर सवयीने २५ टक्के वेगाने टाकली, तर सेकंदाला २५ च खऱ्या फ्रेम उरतात. उरलेल्या पाच सॉफ्टवेअर पुनरावृत्तीने भरतं आणि चित्र दर पाच फ्रेमनंतर क्षणभर थबकतं. योग्य वेग ३० टक्के. १२० ला २५ टक्के बरोबर आहे, ६० ला ५०.

आकडेमोड नको असेल तर Premiere Pro मध्ये Interpret Footage किंवा Resolve मध्ये Clip Attributes उघडून क्लिपचा फ्रेम रेट टाइमलाइनएवढाच करा. कॅमेऱ्याची ३० बहुधा २९.९७ असते, तोही घोळ यात मिटतो.

कमी पडलेल्या फ्रेम ऑप्टिकल फ्लोने तयार करायचा मोह टाळा. ताण्याचे शेकडो सारखे धागे पाहून सॉफ्टवेअरला कोणता धागा कुठे गेला ते ओळखता येत नाही, आणि कापड पाण्यासारखं थरथरतं.