पॅनेल गच्चीवर चढवण्याआधी: सिरियल, गुणाकार आणि शिक्का

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं, तर 540 वॅटची सहा पॅनेलं येतात. ती खरी, नवी आणि पूर्ण वॅटची आहेत का याची तपासणी टेम्पो दारात उभा राहिल्यावर नाही, त्याच्या दोन-तीन दिवस आधी सुरू करावी. विक्रेत्याकडून सहाही पॅनेलांचे सिरियल नंबर आणि फ्लॅश टेस्टची शीट मागून घ्या, तीही एक्सेलमध्ये. मोबाइलवर पाठवलेला धूसर फोटो चालवून घेऊ नका, आकडे बदललेले असले तर त्यात कळत नाहीत.

फ्लॅश टेस्ट म्हणजे कारखान्यात प्रत्येक पॅनेलवर पाडलेला ठरावीक प्रखरतेचा झगमगाट: 1000 वॅट प्रति चौरस मीटर, पॅनेलचं तापमान 25 अंश. त्यातून पाच आकडे निघतात: Pmax म्हणजे जास्तीत जास्त वॅट, Vmp आणि Imp म्हणजे त्या वेळचे व्होल्ट आणि करंट, Voc म्हणजे काहीच न जोडता मिळणारे व्होल्ट आणि Isc म्हणजे दोन्ही टोकं थेट जोडल्यावरचा करंट. ते एकमेकांशी बांधलेले असतात. खोटेपणा इथेच पकडायचा.

```
Pmax = Vmp × Imp
FF = Pmax / (Voc × Isc)
```

मोनो पर्क या सिलिकॉन सेलच्या प्रकारातल्या, नेहमीच्या 144 अर्ध्या सेलच्या पॅनेलचं उदाहरण घ्या. Vmp 41.65, Imp 12.97, Voc 49.5, Isc 13.85. पहिल्या दोघांचा गुणाकार 540 येतो आणि FF, म्हणजे फिल फॅक्टर, 0.788. अशा पॅनेलांत तो साधारण 0.77 ते 0.80 असतो.

आता समजा, शीटमध्ये एका ओळीत Pmax 541 आहे, पण Vmp 40.9, Imp 12.35, Voc 49.2 आणि Isc 13.1. गुणाकार 505 येतो. 541 धरून फिल फॅक्टर काढला तर 0.839, पर्कमध्ये एवढा मिळत नाही. 505 धरला तर 0.784, अगदी स्वाभाविक. म्हणजे मोजमाप खरं होतं, कुणीतरी फक्त शेवटचा रकाना बदलला. माल खालच्या दर्जाचा आहे आणि प्रत्येक पॅनेलमागे 35 वॅट गायब. उलटी गोष्टही पाहा: सहाही ओळींत सगळे आकडे दशांशापर्यंत सारखे असतील तर ती शीट टाइप केलेली आहे. खऱ्या मोजणीत जुळी भावंडंही थोडी वेगळी निघतात.

मग शिक्के. लेबलवर बीआयएसची खूण, आयएस 14286 हा क्रमांक आणि आर अक्षरानंतर आठ आकडे हवेत. तो आर नंबर बीआयएस केअर अॅपमध्ये टाका. नुसतं 'नोंद आहे' एवढं पाहून थांबू नका. ही नोंदणी विशिष्ट कारखान्याच्या पत्त्याला, ब्रँडला आणि मालाला असते. दुसऱ्याच कंपनीचा किंवा भलत्याच वस्तूचा नंबर छापलेला असेल तर तो इथे उघडा पडतो. पुढे तेच मॉडेल, त्याच वॅटेजसह, केंद्राच्या मान्यताप्राप्त मॉडेलांच्या, म्हणजे एएलएमएम यादीत आहे का ते पाहा. पीएम सूर्य घरची सबसिडी (तीन किलोवॅटला 78,000 रुपये) घ्यायची असेल तर सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले, म्हणजे डीसीआर हवेत. ते सिरियलवार कागदोपत्री मागा. सीई ही खूण मात्र उत्पादकाची स्वघोषणा असते, भारतात तिच्यावर भरवसा ठेवून काही उपयोग नाही.

टेम्पो आल्यावर पॅनेल उन्हात आडवं ठेवून पुढून काचेखालचा सिरियल वाचा. तो सेलांबरोबर लॅमिनेट झालेला असतो, खरवडून काढता येत नाही. मागचं लेबल मात्र कुणीही छापून चिकटवू शकतो. काचेखालचा, मागचा आणि शीटमधला नंबर तिन्ही एक हवेत. काचेखाली नंबरच नसेल किंवा तो मागच्याशी जुळत नसेल तर पुढची चर्चा नको.

वापरलेलं पॅनेल ओळखायला लेबलच्या कडेचा जुना गोंद, फ्रेमवर क्लॅम्पने उठलेले दाबाचे चट्टे, खालच्या कडेला काचेवर बसलेली पाण्याच्या क्षारांची पांढरी रेघ पुरते. जंक्शन बॉक्सभोवती दोन रंगांचं सिलिकॉन दिसलं तर तो उघडून पुन्हा बसवलाय. पिवळट पडलेली बॅकशीट तर सांगायलाच नको.

मल्टिमीटरने Voc मोजायचा तर पॅनेल सुटं असताना मोजा. उन्हात ते 60 अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे 49.5 ऐवजी 45 व्होल्टच्या जवळपास आकडा येईल. ही फसवणूक नाही. 30च्या आसपास आला तर एक तृतीयांश भाग, बहुधा बायपास डायोडपाशी, मेला आहे. पण Voc ठीक आला म्हणून वॅट पूर्ण आहेत असं नाही. खालच्या दर्जाचं पॅनेल व्होल्टमध्ये फारसं मार खात नाही, करंटमध्ये खातं. सेलांतले बारीक तडे तर यातल्या कशानेच दिसत नाहीत, त्यासाठी ईएल इमेज, म्हणजे पॅनेलमध्ये वीज सोडून खास कॅमेऱ्याने काढलेला फोटो, मागावी लागते.

सहाही सिरियल बिलावर हाताने का होईना, लिहून घ्या आणि विक्रेत्याची सही त्याखाली घ्या. वॉरंटी सिरियलची असते. बिलावर फक्त '540 वॅट, 6 नग' असेल तर नंतर कुठलं पॅनेल कुणाचं हे सिद्ध करता येत नाही.