एका आठवड्याचा मस्टर गावात कसा तपासावा: रोजगार हमीच्या कामाचे सामाजिक अंकेक्षण

सामाजिक अंकेक्षणाला, म्हणजे गावानेच कामाचा हिशोब तपासायला, बसलेली बरीच मंडळी सगळ्या वर्षाच्या फायली एकदम उघडतात आणि दुसऱ्या दिवशी कंटाळतात. त्यापेक्षा एक काम घ्यावे, त्याचा एक आठवड्याचा मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, घ्यावा आणि तो मुळापासून तपासावा. पद्धत हाताला बसली की बाकीचे आठवडे भराभर होतात.

इथे पुरंदर तालुक्यातल्या एका गावाचे उदाहरण रचून घेतले आहे. काम सलग समतल चरांचे, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडव्या खणलेल्या चरांचे, मस्टर ४ ते १० एप्रिल २०२४ या आठवड्याचा, नावे दहा.

आधी कागद

रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ नुसार अंकेक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे आणि मस्टर, बिले, मोजमाप पुस्तिका, मंजुरी आदेश हे सगळे तिला दाखवणे पंचायतीवर बंधनकारक आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे अंकेक्षणाच्या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी हे कागद अंकेक्षण पथकाच्या हातात पडले पाहिजेत. सभेच्या आदल्या संध्याकाळी आलेली फाईल नुसती चाळून होते, तपासून होत नाही. म्हणून कागद मिळाल्याच्या तारखेची पोच घेऊन ठेवा.

एका मस्टरसाठी चार गोष्टी पुरतात: सही-अंगठ्यांचा मूळ मस्टर, मजुरांचे कामाच्या मागणीचे अर्ज, मोजमाप पुस्तिकेतली त्या आठवड्याची पाने आणि मजुरी खात्यावर पाठवल्याची यादी. nrega.nic.in वर जिल्हा, तालुका, पंचायत निवडत गेले की तोच मस्टर तिथेही दिसतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवा. मूळ कागदावर खाडाखोड करून गैरहजेरीची हजेरी केली असेल, तर ती स्क्रीनवर दिसत नाही, कागदावरच दिसते.

आता वहीत प्रत्येक मजुरासाठी एक ओळ आखा: मस्टरवरचे दिवस, मजूर सांगतो ते दिवस, पाठवलेली रक्कम, पासबुकात जमा झालेली रक्कम आणि तारीख. आपल्या उदाहरणात दहा जणांचे प्रत्येकी सहा दिवस लागले आहेत, रविवारची सुटी. एकूण साठ मनुष्यदिवस, त्या वर्षीच्या २९७ रुपये दराने १७,८२० रुपये. इथेच पहिली शंका घ्यावी. मजुरी मोजमापावर निघते, त्यामुळे रोजचा आकडा थोडा वरखाली व्हायला हवा. दहाही जणांना नेमके २९७ पडले असतील, तर आधी हजेरी ठरवून मागाहून मोजमाप बसवले असण्याची शक्यता असते. पण हा पुरावा नव्हे, नजर कुठे ठेवायची ते यातून कळते.

घरोघर विचारताना

मस्टर दाखवून "हे बरोबर आहे ना?" असे विचारू नका. समोरची बाई कागद पाहून "हो" म्हणते आणि चौकशी तिथेच संपते. आकडाही सांगू नका. वर्षापूर्वीचे दिवस तारखेने कोणाला आठवत नाहीत, सणवाराने मात्र आठवतात. या आठवड्यात ८ एप्रिलला सोमवती अमावस्या होती आणि ९ ला गुढीपाडवा. पुरंदरात एवढे पुरते.

"मावशी, सोमवतीला कुठं होता?"
"जेजुरीला, दुसरं कुठं? अन् दुसऱ्या दिवशी पाडवा. कोण जातंय चर खणायला?"

असे सात जणांनी सांगितले. दोघे म्हणाले, आम्ही सहाही दिवस गेलो. दहावा मुलगा त्या महिन्यात पुण्यात कंपनीत होता, कामावर आलाच नव्हता. म्हणजे सात जणांचे चार-चार दिवस अठ्ठावीस, दोघांचे सहा-सहा बारा, एकूण चाळीस. वीस दिवस जादा, रक्कम ५,९४० रुपये.

लगेच चोरीचा शिक्का मारू नका. ई-मस्टरवर मागणी केलेल्यांचीच नावे आधी छापून येतात. ऐनवेळी आलेल्या मजुराचे नाव त्यात घालता येत नाही, म्हणून कामावर हजेरी घेणारा मेट त्याला दुसऱ्याच्या नावावर राबवतो. तसे असेल तर काम खरे असते, नाव खोटे असते. तेव्हा "तुमच्या नावावर दुसरं कोणी गेलं होतं का?" आणि "खात्यावर पैसे आल्यावर कोणाला काढून दिले का?" हे दोन प्रश्न वेगवेगळे, एकांतात विचारा. जबाब तिथेच लिहा, वाचून दाखवा, मग सही घ्या.

पासबुकाची एक गंमत सगळ्यांना गोंधळात टाकते. आधारवर आधारित पैसे जॉब कार्डावरच्या खात्यात जातीलच असे नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात ते जातात. कधीकाळी कर्जासाठी उघडलेल्या खात्यात पैसे पडून असतात आणि मजूर म्हणतो, मिळालेच नाहीत. आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे ते पाहिल्याशिवाय "मजुरी मिळाली नाही" असे अहवालात लिहू नका.

जमा झाल्याची तारीखही उतरवून घ्या. मस्टर बंद झाल्यावर पंधरा दिवसांत मजुरी मिळायला हवी. सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई लागते. १,७८२ रुपयांवर ती दिवसाला जेमतेम ८९ पैसे होते, तरी मागायची.

शिवारात टेप घेऊन

मोजमाप पुस्तिकेत त्या आठवड्याला ५०० मीटर चर दाखवला आहे, रुंदी ०.६०, खोली ०.३० मीटर, म्हणजे ९० घनमीटर. पुस्तिकेतल्या ओळी जागेवर ओळखून घ्या आणि लांबी मोजा. भरली ३४० मीटर. खोलीवरून भांडू नका. एका पावसाळ्यात चर गाळाने भरतो आणि तांत्रिक सहायक तेच उत्तर देणार. लांबी मात्र गाळाने कमी होत नाही.

आता हिशोब जुळवा. पुस्तिकेप्रमाणे ९० घनमीटर भागिले साठ दिवस, म्हणजे माणशी दीड घनमीटर. जागेवर ३४० मीटरचे ६१.२ घनमीटर भागिले चाळीस दिवस, तेही माणशी दीडच. मजुरांची आठवण आणि टेप यांचा एकमेकांशी काही संबंध नसताना दोन्ही चाळीस दिवसांवर येऊन थांबतात. बदलीवर माणसे राबली असती, तर चर ५०० मीटर भरला असता. हजेरीच्या अ‍ॅपवरचे ८ आणि ९ तारखेचे फोटो उघडा आणि माणसे मोजा. दोनच दिसत असतील किंवा जुन्याच फोटोचा फोटो काढलेला असेल, तर त्याची प्रत जोडा.

सभेत

या सभेचे अध्यक्षपद सरपंचाकडे किंवा सदस्याकडे नसते. पंचायतीशी आणि काम करणाऱ्या यंत्रणेशी संबंध नसलेली गावातली वडीलधारी व्यक्ती बसवतात. सुरुवातीला मागच्या अंकेक्षणावर काय कारवाई झाली ते वाचायचे. हा विषय हटकून विसरला जातो, म्हणून आपणच उठून विचारावा.

मग मस्टर नावानिशी मोठ्याने वाचा: "अमुक, सहा दिवस, १,७८२ रुपये." थांबा. त्या माणसाला बोलू द्या. त्याचा जबाब आपण वाचून दाखवायची घाई करू नका, कारण त्याने स्वतः गावासमोर सांगितलेली गोष्ट नंतर फिरवणे अवघड जाते. मात्र ज्याच्यावर दबाव आहे त्याला उभे करू नका. त्या वेळी टेपचा आणि फोटोचा पुरावा पुढे ठेवा. रोजगार सेवक आणि तांत्रिक सहायक यांचे म्हणणेही त्याच सभेत नोंदवा.

इतिवृत्तात "मस्टरमध्ये गोंधळ आढळला" असे वाक्य असेल तर तालुक्यावर त्याचे काही होत नाही. मस्टर क्रमांक, तारखा, वीस मनुष्यदिवस, ५,९४० रुपये, १६० मीटर कमी चर, हजेरीवर सही कोणाची, मोजमापावर कोणाची, एवढे एका परिच्छेदात लिहा आणि प्रकार "आर्थिक गैरव्यवहार" असा स्पष्ट नोंदवा. उशिरा मिळालेली मजुरी वेगळ्या मुद्द्यात घ्या. दोन्ही एकत्र लिहिले, तर मजुरी मिळाल्याची पावती दाखवून सगळा मुद्दाच निकाली काढला जातो. सह्या सभा उठण्याआधी घ्यायच्या आणि इतिवृत्ताची प्रत त्याच दिवशी हातात घ्यायची.