डिस्चार्ज कार्ड घरच्यांना समजावताना या चुका टाळा

हृदयविकाराच्या वॉर्डात सिस्टर म्हणून रोज डिस्चार्ज कार्डं समजावून सांगते. नव्या मुली कार्ड वरून खाली वाचत सुटतात. निदान, अँजिओग्राफी, रक्ताचे आकडे… गोळ्यांपर्यंत येईतो पेशंटचा मुलगा बिलाच्या रांगेत गेलेला असतो. मी आधी गोळ्या सांगते, मग परत कधी यायचं ते, आणि आजार शेवटी एका वाक्यात: "हृदयाची एक नळी बंद झाली होती, ती फुग्याने उघडून आत जाळी बसवलीये."

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'किती दिवस' हा रकाना नुसता वाचून दाखवणं. एका काकांच्या कार्डावर रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल होती आणि पुढे '15 दिवस'. ते 15 दिवस पुढच्या तपासणीपर्यंतचे होते. अटॅकनंतर जाळी बसवली की ही गोळी सहसा वर्षभर चालते. आमच्याकडून घाईत सांगितलं गेलं, "ही पंधरा दिवस." घरच्यांना वाटलं, कोर्स संपला. त्यात कांदा काढणीला आला, तपासणी पुढे ढकलली. विसाव्या दिवशी पहाटे काका पुन्हा घामाघूम होऊन आले. जाळीतच गुठळी झाली होती. जीव वाचला, पण हृदय आधीपेक्षा कमजोर झालं.

तेव्हापासून त्या गोळीसमोर मी लाल पेनाने मराठीत लिहिते: 'संपली तर लगेच आणा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद नाही.' मग सुनेला किंवा मुलाला म्हणते, "घरी आईंना हे कसं सांगाल, मला सांगून दाखवा." "समजलं ना?" असं विचारूच नका, सगळे मान डोलावतात. यात पाच मिनिटं जातात. ती वाचवायची घाई मला अजिबात खपत नाही.

घरातल्या जुन्या गोळ्यांची पिशवी मागवून घ्या. तीच बीपीची गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावाने तिथे असते आणि दोन्ही चालू राहतात. मग उठताना चक्कर येते.

1-0-1 म्हणजे सकाळ-रात्र, हे बोट ठेवून दाखवा. 'एसओएस' म्हणजे त्रास झाला तरच.

आणि 'ईएफ 40 टक्के' नुसतं वाचून पुढे जाऊ नका. एक मावशी कार्ड हातात धरून रडत होत्या, "साठ टक्के हृदय गेलं ना हो?" तसं नसतं. हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्याचा हा आकडा. धडधाकट माणसाचाही साधारण 55 ते 70 असतो, शंभर कुणाचाच नसतो. त्यांना म्हटलं, "यांचा थोडा कमी आहे, म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर तारखेची वाट न बघता घेऊन या." मावशींनी डोळे पुसले आणि विचारलं, "वजनकाटा कुठला घेऊ?"