यादृच्छिक जीवा काढताय? या चुका टाळा

फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्राँ याने 1889 मध्ये मांडलेला प्रश्न असा: वर्तुळात एक जीवा यादृच्छिक काढली, तर ती, तिन्ही टोकं परिघावर टेकतील असा आत काढलेल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा लांब असण्याची संभाव्यता किती? परिघावर दोन बिंदू निवडून जोडले, तर 1/3. एखाद्या त्रिज्येवर बिंदू निवडून तिथे लंब जीवा काढली, तर 1/2. वर्तुळाच्या आत कुठेही बिंदू टाकून तो जीवेचा मध्य मानला, तर 1/4. हे तिन्ही आकडे संगणकावर काढून दाखवा, असं मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो आणि दरवर्षी त्याच चुका तपासतो.

सगळ्यात छळणारी चूक तिसऱ्या पद्धतीतली. एका मुलाने वही आणली, उत्तरं होती 0.333, 0.500 आणि 0.500. खाली निष्कर्ष: ‘दोन पद्धती जुळतात, म्हणून खरं उत्तर अर्धं.’ म्हणजे बहुमताने निकाल! मला हसू आलं, पण चूक काही सापडेना. लांबीची तुलना तपासली, ती बरोबर होती. मग मीही आळशीपणा केला. हजार वेळा चालवलंय, दहा लाख वेळा चालव म्हटलं. उत्तर आलं, पुन्हा अर्धंच, फक्त जास्त ठाम. रात्री घरी नीट वाचलं तेव्हा हे दिसलं:

```
r = random.random()
t = 2*math.pi*random.random()
x, y = r*math.cos(t), r*math.sin(t)
```

दिसायला निरागस आहे. पण केंद्रापासूनचं अंतर `r` इथे 0 ते 1 मध्ये सारखं वाटलंय. त्यामुळे निम्मे बिंदू अर्ध्या त्रिज्येच्या आतल्या वर्तुळात पडतात, आणि त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ तर पूर्ण वर्तुळाच्या फक्त पाव आहे. बिंदू केंद्राशी गर्दी करतात. पोराने तिसरी पद्धत म्हणून दुसरीच पुन्हा लिहिली होती. दुरुस्ती एका ओळीची:

```
r = math.sqrt(random.random())
```

आता अर्ध्या त्रिज्येच्या आत पाव बिंदू पडतात आणि उत्तर 0.25 येतं. माझी सवय सांगतो: संभाव्यता काढण्याआधी दोनेक हजार बिंदू पडद्यावर उमटवून पाहायचे. मध्ये काळा डाग दिसला की पुढे जायचंच नाही. मुलांना मात्र आधी आकडा हवा असतो, चित्र नंतर, तेही सरांनी मागितलं तर.

`sqrt` नको असेल, तर चौरसात बिंदू टाका आणि वर्तुळाबाहेरचे फेकून द्या. फेकलेले एकूण संख्येत मोजलेत तर 0.196 येईल. तो आकडा दिसला की भागाकाराचा छेद तपासा.

वर्तुळाची त्रिज्या 1 धरली, तर त्रिकोणाची बाजू `√3` असते, 1.5 नव्हे, ती उंची.

दुसरी आवडती चूक गणितातली नाही, घाईची आहे. ‘तिन्ही उत्तरं बरोबर, यादृच्छिक शब्दच फसवा’ असं लिहून वही मिटायची. शब्द अपुरा आहे हे खरंच, पण जीवा प्रत्यक्षात कशी पडते हे विचारलं की पुढे जाता येतं. 1973 मध्ये एडविन जेन्स या भौतिकशास्त्रज्ञाने वर्तुळावर लांबून काड्या टाकण्याची कल्पना केली. टाकणाऱ्याला वर्तुळ नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे ते ठाऊक नाही. मग वर्तुळ थोडं सरकवलं किंवा लहान केलं, तरी उत्तर बदलता कामा नये. या अटीत 1/2 वालीच पद्धत टिकते.

हे विश्वासावर घेऊ नका, तपासा. मोठ्या वर्तुळाच्या जीवा काढा, आत त्याच केंद्रावर अर्ध्या त्रिज्येचं वर्तुळ घ्या आणि त्याला छेदणाऱ्या जीवाच मोजा, तुलना अर्थात लहान वर्तुळातल्या त्रिकोणाशी. परिघावरच्या दोन बिंदूंच्या पद्धतीत 0.33 ऐवजी 0.48 च्या आसपास येतं, म्हणजे ती इथेच पडते. मध्यबिंदूची पद्धत मात्र पुन्हा 0.25 देते, आणि इथे उतावळे लोक तिला पास करून टाकतात. तेच लहान वर्तुळ केंद्रापासून सरकवायला विसरू नका: केंद्र 0.5 अंतरावर आणि त्रिज्या 0.1 ठेवली, की 0.25 चे जवळजवळ 0.5 होतात. त्रिज्येची पद्धत दोन्हीकडे अर्ध्यावरच राहते.

पण म्हणून 1/2 सगळीकडे चिकटवू नका. परिघावर खिळे ठोकलेत आणि त्यातले कोणतेही दोन निवडून दोरा ताणताय, तर तुमचं उत्तर 1/3 च्या जवळचंच. तिथे काड्या कोणी टाकत नाही.